35 गुंठ्यांत तीन प्रकारची जमीन: खड्ड्याच्या भिंतीवरून माती कशी ओळखावी

प्रश्न: राहायला ठाण्यात, जमीन शहापूर तालुक्यात, 35 गुंठे, उताराची. वर माळ, मधे जुनी परसबाग, खाली पूर्वी भात लावायचे ते खाचर. माती परीक्षण केलं, अहवाल सगळीकडे ठीक आला. दोन वर्षांपूर्वी केशर आंब्याची 42 कलमं लावली. मधली छान आहेत, माळावरची जिवंत आहेत पण वाढत नाहीत, खाचरातली 12 पैकी 7 मेली. शेजारी म्हणतात खड्डा खणून थर बघा. खड्ड्यात नेमकं काय बघायचं आणि कोणतं खत देऊ?

उत्तर:

शेजाऱ्यांचं ऐका, खताचं नंतर बघू. माती परीक्षणासाठी नमुना साधारण वरच्या 20 सेंमीतून घेतात. भात, नागली, भाजीपाला यांना तेवढं पुरतं, कारण त्यांची बहुतेक मुळं तिथेच असतात. आंब्याचं झाड मात्र पुढची कित्येक वर्षं त्याखाली जगणार आहे, आणि तिथे काय आहे याबद्दल तो अहवाल एक अक्षरही बोलत नाही. एकाच अहवालाच्या जमिनीत तीन ठिकाणी तीन वेगळे परिणाम दिसतात तेव्हा फरक बहुधा अन्नद्रव्यांत नसतो. मुळांना किती खोल जाता येतं आणि पावसाचं पाणी कुठे अडतं, यात तो असतो. म्हणून तीन खड्डे घ्या: माळावर एक, मधल्या चांगल्या झाडांच्या ओळीत एक, आणि खाचरात मेलेल्या कलमांजवळ एक. चांगल्या जागेचा खड्डा टाळू नका. तुलना करायला तोच कामी येतो.

खड्डा साधारण दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सव्वा ते दीड मीटर खोल हवा. त्याआधीच कातळ लागला तर तिथे थांबायचं. एक अरुंद बाजू पायऱ्यांची ठेवा, आणि समोरच्या ज्या भिंतीवर ऊन पडेल ती वाचायला राखा. त्या भिंतीच्या काठावर उभं राहू नका, खणलेली मातीही तिकडे टाकू नका. वरची काळसर माती एका ढिगात, खालचा मुरूम दुसऱ्या ढिगात. जेसीबीने खणलात तर एक अडचण येते: बकेटच्या घासण्याने चिकण माती भिंतीवर लिंपल्यासारखी पसरते आणि खरा पोत झाकला जातो. सुरीच्या टोकाने वरून खालपर्यंत भिंत उचकटत या, म्हणजे माती आपल्या नैसर्गिक ढेकळांच्या रेषेवर फुटेल. शेजारी टेप लोंबती सोडून फोटो काढा. मग भिंतीचा अर्धा भाग पाणी फवारून ओला करा, कारण रंग ओल्या मातीत नीट कळतो. भराव टाकलेली किंवा भुसभुशीत जमीन असेल तर छातीएवढ्या खड्ड्यात उतरू नका, भिंत ढासळते. रात्री खड्डा उघडा राहणार असेल तर भोवती काट्या लावा.

आता थरांकडे. पुस्तकात वरून खाली ओ, ए, ई, बी, सी आणि आर अशी अक्षरं दिलेली असतात. ओ म्हणजे पालापाचोळ्याचा, कुजत असलेला थर. तो जंगलात किंवा जुन्या आमराईत सापडेल, नांगरलेल्या शेतात जवळपास नसतोच. ई हा चिकण माती आणि लोह खाली धुऊन गेल्याने फिकट पडलेला थर आपल्या बेसाल्टच्या जमिनीत सहसा वेगळा दिसत नाही, तो शोधत बसू नका. तुमच्या कामाचे चार उरले.

ए म्हणजे वरची माती: सेंद्रिय अंशामुळे गडद, भुगऱ्या ढेकळांची, केसासारख्या मुळांनी भरलेली. इथे एक चकवा आहे. पूर्वी ज्या तुकड्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजत असत, तिथे वरचे काही सेंमी कोळशाने काळे झालेले असतात. कोळशाचे कण बोटांवर काळे उमटतात. त्या काळेपणावरून जमीन कसदार आहे असं धरू नका.

बी म्हणजे त्याखालचा घट्ट थर. वरून पावसाबरोबर उतरलेली बारीक चिकण माती आणि लोह इथे साचतं. रंग तांबूस-तपकिरी होतो आणि ढेकळं कोनदार फुटतात. फळझाडाच्या दृष्टीने जमिनीचा खरा साठा हाच. तो जाड आहे की नाही, आणि त्याच्या ढेकळांमधल्या फटींतून मुळं जातात की नाही, हे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे.

सी म्हणजे आपला मुरूम, अर्धवट कुजलेला बेसाल्ट. मुरूम दोन तऱ्हेचा असतो. मऊ मुरूम पहारीने सहज सुटतो, बोटांनी चुरगळतो आणि त्यात मुळं शिरलेली दिसतात. कडक मुरमात पहार उडते. कागदावर दोघांनाही सीच म्हणतात, झाडाला मात्र फरक पडतो.

आर म्हणजे कातळ. इथेही घाई करू नका. आपल्याकडे बेसाल्ट गोल गोल कुजतो: आत टणक गोटा, भोवती सुटत जाणारे पापुद्रे आणि त्यांच्यामधे मुरूम. मशीनला असा एक मोठा धोंडा लागला की "कातळ लागला, खाली काही नाही" असं ऐकायला मिळतं. एक-दीड मीटर बाजूला पहार मारून बघा. तिथे पहार खोल गेली तर तो धोंडा होता. अखंड कातळ खणखणीत वाजतो आणि आसपास सगळीकडे साधारण त्याच खोलीला लागतो. त्यात उभ्या भेगा आहेत का, भेगांत तांबडी माती आणि मुळं आहेत का, तेही पाहा. भेगा असलेला कातळ झाडाला बराच सुसह्य असतो.

मुरमात किंवा दगडाच्या छिद्रांत पांढरे चकाकते ठिपके दिसले की बरेच जण "चुनखडी आहे" म्हणून घाबरतात. सह्याद्रीच्या बेसाल्टमधे ते बहुतेकदा झिओलाइटचे स्फटिक असतात आणि त्यांचा त्रास नाही. सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून बघा. चुन्यावर फेस येतो, झिओलाइटवर येत नाही. घरच्या लिंबाने किंवा व्हिनेगरने ही परीक्षा भरवशाची होत नाही.

थर ओळखले की त्यांच्या सीमेकडे बघा. बहुतेक लोक हेच विसरतात. ए मधून बी मधे रंग आणि घट्टपणा हळूहळू, हातभर अंतरात बदलत असेल तर पाणी आणि मुळं दोन्ही सहज उतरतात. सीमा सुरीने कापल्यासारखी सरळ असेल तर त्या रेषेवर पाणी थांबतं. मुळं तिथे येऊन आडवी वळतात. वळलेलं मूळ दिसलं की अडथळा कुठे आहे ते कळलं, बाकी शोध थांबवला तरी चालेल.

तुमच्या वर्णनावरून तीन खड्ड्यांत काय निघेल याचा अंदाज देतो. आकडे तुमच्याकडे थोडे वेगळे येतील, तर्क तोच राहील.

मधल्या खड्ड्यात वर 20 सेंमी तपकिरी भुगरी माती, त्याखाली 65 सेंमीपर्यंत तांबूस कोनदार ढेकळांचा बी, मग 110 सेंमीपर्यंत मऊ मुरूम आणि नंतर पापुद्रे सुटणारे गोटे, असं काहीसं असेल. सीमा अस्पष्ट असतील आणि मुळं मुरमातही दिसतील. उताराच्या मधल्या टप्प्यावर, बांध किंवा झाडोरा असेल तर, धूप कमी होते. जादा पाणी खाली निघून जातं आणि पुरेशी माती टिकून राहते.

माळावर वर 10-12 सेंमी खडेमिश्रित तांबडी माती, त्याखाली थेट कडक मुरूम आणि 40 सेंमीच्या आसपास कातळ निघेल. इथे बी थर तयार झालाच नाही असं नसतं. झाडोरा गेल्यावर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासच्या पावसाने तो वाहून नेला. त्यातली बरीच माती आज तुमच्याच खाचरात आहे.

हा फरक पाण्याच्या हिशेबात मांडून बघू. मध्यम पोताची चांगली माती दर सेंमी खोलीमागे साधारण दीड मिमी पाणी झाडाला उपलब्ध ठेवते. मुरमाचं मी अर्धा मिमी धरतो, आणि खडे जितके जास्त तितकं ते आणखी कमी करतो. मधल्या जागेत 65 सेंमी मातीचे सुमारे 98 मिमी आणि 45 सेंमी मुरमाचे 22, असे मिळून 120 मिमी होतात. माळावर 12 सेंमी मातीत 40 टक्के खडे धरले तर 11 मिमी आणि 28 सेंमी मुरमाचे 14, म्हणजे जेमतेम 25 मिमी. गवत आणि झाड मिळून दिवसाला 3 मिमी ओढतात असं धरलं तर पाऊस थांबल्यावर मधल्या जागेचा साठा 40 दिवस चालतो, माळाचा 8 दिवस. हिशेब ढोबळ आहे. कलम लहान असतं, एवढी सगळी जमीन ते वापरत नाही, आणि ऑक्टोबर-मे दरम्यानची ओढ दर महिन्याला बदलते. पण माळावरची कलमं का खुरटली ते यावरून कळतं. ऑक्टोबर संपायच्या आत ती तहानेने वाढ थांबवतात आणि पुढचा पाऊस येईपर्यंत फक्त जीव धरून राहतात. वर टाकलेलं खतही 12 सेंमीच्या मातीतून दोन मोठ्या सरींत धुऊन जातं.

आता खाचर. इथला खड्डा सगळ्यात बोलका निघेल. वर 15 सेंमी करडी, चिखलणीने पोत मोडलेली माती. तिच्याखाली 15 ते 25 सेंमीमधे आडव्या पात्यांसारखा फुटणारा घट्ट थर, म्हणजे नांगराची तळी. वर्षानुवर्षं चिखलणी करताना बारीक माती खाली बसते, वरून बैलांचे किंवा पॉवर टिलरचे दाब पडतात आणि ही तळी तयार होते. भाताला ती हवीच असते, पाणी खाचरात उभं राहतं ते तिच्यामुळे. आंब्याला मात्र ती नको.

पण तळीच्याही खाली बघा. 25 पासून 70 सेंमीपर्यंतची चिकण माती करडी किंवा निळसर करडी आहे का, आणि त्यात मुळांच्या जुन्या वाटांभोवती गंजासारखे तांबूस डाग आहेत का? पाण्याखाली हवा संपली की मातीतल्या लोहाचा तांबडा रंग जातो. पाणी ओसरून भेगांतून हवा शिरली की तिथेच गंज चढतो. म्हणजे ते डाग म्हणजे पाणी किती उंचीपर्यंत उभं राहतं याची भिंतीवर उमटलेली नोंद. खड्डा तुम्ही फेब्रुवारीत कोरडा बघितलात तरी ती पुसली जात नाही. शिवाय बंदुकीच्या छऱ्यांसारखे काळे टणक खडे सापडले तर ते लोह-मँगनीजचे असतात, आणि ओल-सुकीचा हा खेळ तिथे खूप जुना आहे असं समजा.

हे डाग कुठपर्यंत आहेत यावर उपाय ठरतो. तळीच्या वर करडेपणा आणि तळीखाली स्वच्छ तपकिरी रंग असेल तर दोष फक्त तळीचा. उन्हाळ्यात जमीन पूर्ण कोरडी असताना सबसॉयलरने 40-45 सेंमी खोल फाडली की बराच फरक पडतो. ओल्या जमिनीत हे काम करू नका. माती फुटत नाही, फक्त चिरते आणि पुन्हा मिटते. करडेपणा तळीखालीही खोलवर असेल तर तळी फोडून उपयोग नाही. अशा ठिकाणी पाणी वरून कमी आणि उताराच्या अंगाने जास्त येत असतं. माळावर मुरलेला पाऊस कातळाच्या पाठीवरून घसरत खाली येतो आणि खाचराच्या चिकण मातीत अडकतो. तुमच्या 12 पैकी 7 मेली यावरून मला हा दुसरा प्रकार वाटतो, पण खात्री खड्डाच देईल. ऑगस्टमधे जोराचा पाऊस थांबल्यावर तीन दिवसांनी त्याच जागी पहारीने 60 सेंमीचं भोक पाडून बघा. त्यात पाणी उभं असेल तर शंका उरली नाही.

कलमं मेली त्यात लागवडीच्या खड्ड्यांचाही हात असावा. चिकण जमिनीत मीटरभर चौकोनी खड्डा घेऊन त्यात शेणखत आणि पोयटा भरला की आत माती सैल आणि भोवती भिंत घट्ट. तो खड्डा मग बादलीसारखा भरतो. आत साचलेल्या पाण्यातली हवा एक-दोन दिवसांत संपते, त्यात भर म्हणून कच्चं शेणखत कुजायला आणखी हवा ओढतं आणि कोवळी मुळं सडतात. लक्षण फसवं असतं. जमीन ओली असून पानं मान टाकतात. मग पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरच्या उन्हात, झाड अचानक वाळतं आणि लोक पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी घालतात. मेलेलं कलम उपटा. मुळांची साल बोटांनी निसटत असेल, आत तपकिरी रंग आणि कुबट वास असेल तर ते बुडून मेलं.

खताबद्दल विचारलंत म्हणून: अशा जागी युरिया वाढवलात तर त्यातलं बरंच नत्र पाणथळ मातीत वायू होऊन उडून जातं. पानं पिवळी दिसतात ती मूळ काम करत नाही म्हणून. मुळाला हवा मिळाल्याशिवाय कोणत्याही पिशवीतलं खत तिथे पोहोचणार नाही.

माझं मत विचाराल तर खोलवर करडं निघालेलं खाचर पुन्हा भाताला द्या, आणि भातानंतर उरलेल्या ओलीवर वाल टाका. त्या जमिनीला ते साधतं. आंबाच हवा असेल तर खर्च दोन ठिकाणी आहे. खाचराच्या वरच्या कडेला उताराला आडवा, किंचित ढाळ दिलेला चर घ्या. तो चिकण माती आणि मुरूम जिथे भेटतात तिथपर्यंत खोल जायला हवा, म्हणजे बहुधा 75 ते 90 सेंमी, आणि त्याचं पाणी ओढ्याला निघालं पाहिजे. बाहेर वाट नसलेला चर म्हणजे फक्त लांबट तळं. दुसरं, कलम खड्ड्यात न लावता 60-75 सेंमी उंच आणि तळाशी दोन-अडीच मीटर रुंद उंचवट्यावर लावा. उंचवटा शेतातल्याच वरच्या मातीचा करा. मुरमाच्या ढिगावर माती पसरली तर माळाचीच अडचण खाचरात आणल्यासारखं होईल.

माळावर नव्याने आंबा वाढवू नका. जी कलमं आहेत त्यांच्यासाठी आळ्याच्या बाहेर, उताराच्या वरच्या बाजूला, समतल रेषेत 40-50 सेंमीचे चर खणा, म्हणजे पाणी वाहून न जाता मुरमात शिरेल. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून गवताचं जाड आच्छादन करा. पाणी ठिबकने थोडं आणि वारंवार द्या. 25 मिमीच्या साठ्यात पंधरा दिवसांचं पाणी एकदम ओतलं तर ते खाली निघून जातं. खत द्यायचंच तर इथे तेही लहान हप्त्यांत विभागून द्या. उरलेल्या जागेत काजू किंवा कडेने करवंद चालेल. काजूलाही मुळं घुसायला कातळात भेगा लागतात, म्हणून पहारीने दोन-चार जागा चाचपून मगच लावा.

एक शक्यता मी अजून धरलेली नाही. जमीन घेताना ती जेसीबीने सपाट केलेली होती का? फार्महाऊससाठी विकलेल्या तुकड्यांत वरची बाजू कापून खालची भरणं नेहमीचं आहे. मग खड्ड्यात थर उलटे निघतात: वर टोकदार दगडांचा मुरूम, त्याखाली सरळ रेषेवर काळसर माती आणि तिच्यात जुन्या मुळांचे किंवा भाताच्या धसकटांचे अवशेष. कधी विटांचे तुकडेही असतात. ती काळी माती म्हणजे गाडला गेलेला ए थर. असं निघालं तर वर दिलेले आकडे बाजूला ठेवा आणि भराव किती जाड आहे ते चार-पाच जागी पहारीने मोजा. भरावाच्या तळाशी, जुन्या जमिनीच्या पाठीवर, पाणी अडतंच.

खड्डे डिसेंबर ते फेब्रुवारीत घ्या. माती वाफशावर असते, ढेकळं नीट फुटतात. त्याच वेळी तिन्ही भिंतींतून 0-30, 30-60 आणि 60-90 सेंमी असे वेगळे नमुने काढा. नमुना खालून वर घेत या, नाहीतर वरची माती खालच्या पिशवीत पडते. माळावर 40 सेंमीलाच कातळ लागला तर तिथे एकच नमुना पुरे. प्रयोगशाळेत सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब तिन्ही खोल्यांना करून मागा. नत्र, स्फुरद, पालाश फक्त वरच्या नमुन्याला केलं तरी चालेल. काम झालं की आधी मुरूम आणि मग काळी माती, अशा क्रमाने खड्डे बुजवा, आणि माती खचणार म्हणून तोंडाशी थोडा उंचवटा ठेवा.